‘किती गोड दिसतेस’च्या पुढे गाडी कशी न्यायची

प्रश्न: बंबलवर एक मॅच आहे. आठवडा झाला, रोज ‘डोळे किती सुंदर’, ‘काय स्माईल आहे’ एवढंच लिहितो. वाईट काही बोलत नाही, पण माझ्याबद्दल काही विचारतही नाही. काय उत्तर देऊ?

उत्तर:

आतापर्यंत तुम्ही त्याला काय उत्तर देत आलात, ते चॅट वर सरकवून एकदा बघा. बहुतेक जणी ‘थँक्यू’ आणि एक हसरा इमोजी पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण ते धरून पुढे बोलायला समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. तो पुन्हा तुमचे फोटो उघडतो आणि आज डोळ्यांऐवजी केसांबद्दल लिहितो. म्हणून कौतुकाला दोनच शब्द द्या आणि त्याच मेसेजमध्ये असा एक छोटा प्रश्न टाका, ज्याला ‘सुंदर’ हे उत्तर होऊच शकत नाही.

माझ्या एका मैत्रिणीचं असंच चाललं होतं. तिच्या प्रोफाइलवर हरिश्चंद्रगडावरचा फोटो होता आणि त्यावर तो ‘या फोटोत कमाल दिसतेस’ असं पुन्हा पुन्हा लिहायचा. आम्ही दोघींनी बसून उत्तर लिहिलं: ‘थँक्यू! हा कोकणकड्यावरचा आहे, पाचनईच्या वाटेने गेलो होतो. तुला सुट्टीत डोंगर आवडतात की दुपारी मस्त झोप?’ यात तिने आधी स्वतःबद्दल थोडं सांगितलं आणि मग दोन पर्याय दिले. ‘स्वतःबद्दल सांग ना’ असं विचारलं की कांदेपोहे सुरू होतात आणि लाजरा माणूस तिथेच अडतो. दोन पर्यायांतला एक निवडणं कुणालाही जमतं.

खरं कळतं ते यावर काय येतं त्यावरून. ‘झोप! पण राजगड एकदा केलाय, उतरताना पाय लटपटत होते’ असं आलं, तर माणूस बोलणारा आहे, त्याला सुरुवात कशी करायची तेवढं सुचत नव्हतं. असे बरेच असतात. अ‍ॅपवर आधी फोटोच दिसतो, मुलीशी बोलायचं म्हणजे तिच्या दिसण्याची तारीफ करायची एवढंच कुठूनतरी शिकलेलं असतं. त्यांना थोडा वेळ द्या.

मैत्रिणीला मात्र उत्तर आलं, ‘तू असशील तर काहीही चालेल.’ हे ऐकायला गोड, पण प्रश्न वाचलेलाच नाही. असं एकदा झालं तर सोडून द्या, माणूस कामात असेल. दुसऱ्या प्रश्नालाही तेच झालं की सरळ लिहा. तिने लिहिलं होतं: ‘कौतुक ऐकून छान वाटतं, पण मला तुझ्याबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. गप्पा मारायला आवडेल, नुसत्या तारिफेत मला रस नाही.’ यात टोमणा नाही आणि माफीही नाही. ‘सॉरी, राग मानू नकोस हं’ अशी पुस्ती जोडायचा मोह होतो, ती नका जोडू. त्याला ते हसण्यावारी नेण्याची वाट आपणच काढून देतो. ज्याला खरंच बोलायचंय तो इथे थोडा ओशाळतो आणि काहीतरी विचारतो. मैत्रिणीच्या मॅचने ‘एवढा अ‍ॅटिट्यूड?’ असं लिहिलं आणि तिने त्याच संध्याकाळी अनमॅच केलं. तुम्हालाही त्यासाठी त्याची परवानगी किंवा निरोपाचा लांब मेसेज लागत नाही.

तुमचा मॅच वाईट बोलत नाही म्हणता, तरी एका गोष्टीवर लक्ष ठेवा: कौतुक कुठल्या दिशेला सरकतंय? चेहऱ्यावरून अंगावर आलं, ‘अजून एक फोटो पाठव ना, फक्त माझ्यासाठी’ सुरू झालं, की प्रश्न विचारत बसू नका, रिपोर्ट करा. अनमॅच केल्यावर चॅट दिसेनासं होतं, म्हणून स्क्रीनशॉट आधी काढा.

दुसरी दिशा पैशाची. ओळख नसताना स्तुतीचा पाऊस, लगेच ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ये’, व्हिडिओ कॉलला दरवेळी काहीतरी अडचण, आणि मग अचानक गुंतवणुकीची टिप किंवा कस्टममध्ये अडकलेलं पार्सल. ठरावीक गोड वाक्यं अनेकींना एकदम पाठवता येतात, म्हणूनच अशा लोकांच्या बोलण्यात तुमच्याबद्दलचं नेमकं काही नसतं. व्हॉट्सअ‍ॅपचा आग्रह झाला तर नंबर न देता अ‍ॅपमधल्याच व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलू म्हणा. दोनदा टाळलं तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

तुमच्या बाबतीत अजून त्यातलं काही दिसत नाही, त्यामुळे आज रात्री ‘थँक्यू’च्या पुढे एक प्रश्न जोडून पाठवा. तुमच्या प्रोफाइलमधल्याच एखाद्या गोष्टीवरचा असेल तर उत्तम, त्याने फोटोखालचं काही वाचलंय का तेही कळेल.