‘आर’ आहे, फक्त जागा चुकली

प्रश्न: आमचे सर म्हणतात, ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हा प्रश्न चुकीचा आहे, कारण त्यात हेल्पिंग व्हर्ब नाही आणि इन्व्हर्शन पण नाही. पण ‘आर’ तर समोर दिसतंय! मग नक्की चुकतंय काय?

तुमच्या सरांचं अर्धं बरोबर आहे. हेल्पिंग व्हर्ब वाक्यात आहे, तेच ते ‘आर’. नाही ते इन्व्हर्शन, म्हणजे ‘आर’नं ‘यू’च्या पुढे येऊन बसणं. सरळ विचारायचं असेल तर ‘व्हेअर आर यू गोइंग?’ असंच हवं. हेल्पिंग व्हर्ब खरोखर गायब असतं ते ‘व्हेअर यू गो एव्हरी संडे?’ यासारख्या वाक्यात. दोन्ही चुकांचं औषध वेगळं आहे, म्हणून त्या वेगळ्या ओळखायला हव्यात.

मी गेली 14 वर्षं कराडला इंग्रजी बोलायचे वर्ग घेते. ही चूक दर बॅचला पहिल्याच दिवशी भेटते, त्यामुळे फळ्यावर लिहिणं मी सोडून दिलंय. मी पोरांनाच शब्द करून उभं करते. तिघं ओळीत: यू, आर, गोइंग. चौथी मुलगी शेवटी ‘टू सातारा’ म्हणून. हे झालं साधं विधान. आता साताऱ्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, म्हणून ती मुलगी बसते आणि तिच्या जागी ‘व्हेअर’ येतो: ‘यू आर गोइंग व्हेअर?’ वर्ग हसतो, पण हे वाक्य चुकीचं नाही. कुणी म्हणालं, ‘मी अंटार्क्टिकाला चाललोय’, तर आपण डोळे मोठे करून जे ‘कुठं?’ म्हणतो, तो सूर या वाक्यात आहे. पुढच्या पायरीला ‘व्हेअर’ चालत ओळीच्या तोंडाशी जातो. आता ओळ झाली ‘व्हेअर यू आर गोइंग’. आपली बहुतेक मंडळी इथं थांबतात. एक पायरी अजून बाकी असते: ‘आर’ झालेल्या पोरानं ‘यू’ला ओलांडून ‘व्हेअर’च्या शेजारी जायचं. ती उडी झाली की प्रश्न पुरा.

पोरं तिथं का थांबतात? मराठीत उडी मारायची सवयच नाही. ‘तू साताऱ्याला चालला आहेस’ यातलं ‘साताऱ्याला’ काढा, त्याच खुर्चीत ‘कुठे’ बसवा, झाला प्रश्न. ‘आहेस’ जागचं हलत नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर शेवटी ‘का’ चिकटवला की काम झालं. त्यामुळे ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हे मराठीचं शब्दशः भाषांतर आहे असं जे म्हणतात, ते मला पटत नाही. शब्दशः केलं असतं तर ‘यू व्हेअर गोइंग आर?’ झालं असतं, आणि असं कुणीच बोलत नाही. प्रश्नाचा शब्द पुढे न्यायचा हा इंग्रजीचा एक नियम आपण शिकलेलो असतो. दुसरा राहिलेला असतो.

गंमत म्हणजे हीच पोरं ‘आर यू कमिंग?’ बरोबर विचारतात. तिथं उडी मारली नाही तर वाक्य प्रश्नासारखं वाटतच नाही, ‘यू आर कमिंग’ हे विधान होऊन बसतं. पण ‘व्हेअर’ तोंडाशी आला की ऐकणाऱ्याला प्रश्न कळलेला असतो, मग उडी फालतू वाटते. इंग्रजी घरात जन्मलेल्या मुलांनाही ती वाटते बरं का. 1960च्या दशकात हार्वर्डला रॉजर ब्राउन यांच्या गटानं लहान मुलांचं घरातलं बोलणं टेप करून अभ्यासलं. त्यात हो-नाहीचे प्रश्न उडी मारून विचारणारं मूल त्याच काळात ‘व्हॉट ही कॅन राइड इन?’ असं बोलताना सापडलं. पुढच्या अभ्यासांत सगळी मुलं या टप्प्यातून जातातच असं दिसलं नाही, पण ही चूक फक्त ‘देशी’ नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ‘व्हेअर यू आर गोइंग’ ही शब्दांची ओळ मोडकी नाही. ती एकटी उभी राहत नाही, एवढंच. तिला दुसऱ्या वाक्याचा आधार लागतो. ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’, ‘आय डोन्ट नो व्हेअर यू आर गोइंग’, इथं ती अगदी बरोबर आहे, आणि इथं उडी मारली तर उलटी चूक होते: ‘आय डोन्ट नो व्हेअर आर यू गोइंग’. आपल्याकडे ही उलटी चूकही भरपूर चालते. एकटा प्रश्न विचारताना उडी मारायची नाही आणि मोठ्या वाक्याच्या पोटात मात्र मारायची, असा उफराटा कारभार. पोटातल्या प्रश्नात उडी नसते, कारण विचारायचं काम बाहेरचं वाक्य करतं. ‘डू यू नो व्हेअर ही इज?’ मध्ये ‘डू’नं उडी मारलेली आहे. एका वाक्यात एकच उडी.

मला वाटतं, या गोंधळाला नववी-दहावीचा तो जुना सराव हातभार लावतो. ‘ही सेड टू मी, व्हेअर आर यू गोइंग?’ याचं इनडायरेक्ट करा. उत्तर: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’. मार्क मिळतात, क्रम बदलला हे हाताला कळतं, पण का बदलला ते वर्गात बोललं जात नाही. मग पोरांच्या डोक्यात दोन्ही क्रम सुट्या नाण्यांसारखे खुळखुळत राहतात आणि बोलताना जे हाताला लागेल ते बाहेर येतं.

आता ‘आर’ नसलेली वाक्यं. ‘यू गो टू सातारा’ यात उडी मारायला कुणीच नाही, कारण आजच्या इंग्रजीत ‘गो’सारख्या मुख्य क्रियापदाला ती परवानगी नाही. पूर्वी होती. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘व्हिदर गोएस्ट दाऊ?’ असं आहे, म्हणजे ‘गो’ स्वतःच कर्त्याच्या पुढे गेलेलं. पुढे ती रीत मोडली आणि ‘डू’ भाडोत्री उडीबाज म्हणून आला: ‘व्हेअर डू यू गो?’ भूतकाळाचं ओझंही तोच उचलतो, म्हणून ‘व्हेअर डिड यू गो?’ ‘व्हेअर डिड यू वेन्ट?’ म्हटलं की ओझं दोघांच्या डोक्यावर. आणि नकार असेल तर ‘डिडन्ट’ अख्खाच उडतो: ‘व्हाय डिडन्ट यू कम?’ आपलं लाडकं ‘व्हाय यू डिडन्ट कम?’ ही तुमच्याच प्रश्नातली चूक, फक्त कपडे वेगळे.

दोन ठिकाणी मात्र उडी शोधत बसू नका. प्रश्नाचा शब्दच कर्ता असेल तर ओलांडायला पुढे कुणी नसतं: ‘हू सॉ यू?’ म्हणजे तुला कुणी पाहिलं. ‘हू डिड यू सी?’ म्हणजे तू कुणाला पाहिलंस. मराठीत हा फरक ‘कुणी’ आणि ‘कुणाला’ यांतले प्रत्यय दाखवतात, इंग्रजीत ‘डिड’ दाखवतो. दुसरं ठिकाण म्हणजे ‘हाऊ कम’. ‘व्हाय आर यू लेट?’ पण ‘हाऊ कम यू आर लेट?’ अर्थ जवळजवळ तोच, उडी नाही. ‘असं कसं झालं की’ अशा वाक्याचा तो आखडलेला अवशेष आहे, त्यामुळे मागचा भाग अजून पोटातल्या वाक्यासारखाच वागतो.

एक मुलगा दरवर्षी विचारतो, ‘मॅडम, पिक्चरमध्ये गोरे लोक व्हेअर यू गोइंग म्हणतात की!’ म्हणतात. पण त्यांचा ‘आर’ उडी मारून झाल्यावर घाईत गिळला जातो, ‘व्हेअर’ आणि ‘यू’च्या मधल्या फटीत. आपला ‘आर’ खणखणीत ऐकू येतो, पण ‘यू’च्या पलीकडे. म्हणून त्यांच्या कानाला ‘आर’ गिळलेलं वाक्य सैल वाटतं आणि ‘आर’ असलेलं आपलं वाक्य परकं.

एवढं असूनही अर्थ अडत नाही, हे मी लपवणार नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत शेवटी मी ऐटीत विचारलं होतं, ‘व्हेन आय शुड जॉइन?’ समोरच्या बाईंनी शांतपणे तारीख सांगितली. चूक माझ्या लक्षात आली ती परतीच्या एसटीत, आणि घर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारे या क्रमाची नोंद आपल्या बोलीचं वैशिष्ट्य म्हणून करतात, ते ठीकच आहे. परीक्षेत, मुलाखतीत किंवा ईमेलमध्ये मात्र तो चूक म्हणूनच मोजला जातो.

बोलताना एवढा विचार करायला वेळ नसतो, म्हणून एक चाचणी सांगते. तयार प्रश्नाच्या आधी मनात ‘टेल मी’ लावून बघा. ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’ सुरळीत बसलं ना? मग ‘टेल मी’ काढल्यावर ती ओळ एकटी प्रश्न म्हणून चालणार नाही, उडी मारावी लागेल. (प्रश्नाचा शब्दच कर्ता असलेल्या आणि ‘हाऊ कम’च्या प्रश्नांना ही चाचणी लावू नका, तिथं दोन्ही रूपं सारखीच दिसतात.)

आणि उडी जमतच नसेल तर एक पळवाट आहे, ती मला आमच्या आजीमुळे सुचली. घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठं चाललास?’ म्हणून टोकू नये, काम होत नाही, असं ती म्हणायची. त्यामुळे ती कधी थेट विचारायची नाही, ‘लांब निघालास का रे?’ असं आडून विचारायची. इंग्रजीतही आडून विचारा: ‘मे आय आस्क व्हेअर यू आर गोइंग?’ ‘मे’नं आधीच उडी मारलेली आहे, त्यामुळे पुढे तुमची सवयीची ओळ जशीच्या तशी ठेवायची.