गाईडला मुदतवाढीचं पत्र: आजारपण किती लिहायचं आणि काम किती

"ताई, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. आईच्या आजारपणात माझं फील्डवर्क अर्धवट राहिलं. चॅप्टरची तारीख जवळ आलीये आणि गेले कित्येक आठवडे मी सरांना मेलच केलेला नाही. आता मुदतवाढ मागायची तर पत्रात काय लिहू? जास्त लिहिलं तर रडगाणं वाटेल, कमी लिहिलं तर बहाणा वाटेल."

माझ्याकडे आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत पण पत्राचा भाग जसाच्या तसा आहे.

त्याचा विषय होता ऊसतोड कामगार. बीडच्या एका तालुक्यातली चाळीस कुटुंबं त्याने निवडली होती, सप्टेंबरमध्ये गावात जाऊन त्यांच्याशी बोलून झालं होतं, आणि तीच कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेली की तिथे कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर जाऊन परत भेटायचं असं ठरलेलं. पंधरा कुटुंबं झाली आणि १२ डिसेंबरला घरून फोन, वडिलांना पॅरालिसिसचा झटका. आधी हॉस्पिटल, मग घरी फिजिओथेरपी, उठवणं बसवणं सगळं ह्याच्याकडे कारण मोठा भाऊ नोकरीवर. मार्चमध्ये जरा मोकळा झाला आणि मुकादमाला फोन केला तर तो म्हणाला आमच्या कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या निघाल्या गावाकडं. म्हणजे राहिलेली पंचवीस कुटुंबं गाळपाच्या काळात भेटायची होती ती वेळच गेली, आता पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत काही नाही. आणि चॅप्टरची तारीख ३० जून.

तो माझ्याकडे आला तेव्हा पत्र लिहून आणलं होतं. तीन पानं. पहिल्या दोन पानांवर वडिलांचं सगळं, कुठल्या रात्री काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, घरात पैशाची कशी ओढाताण झाली. मग अर्धं पान माफी. "मी आपला विश्वासघात केला आहे याची मला जाणीव आहे" असं वाक्य होतं त्यात. आणि अगदी शेवटी एक ओळ, "तरी कृपया दोन महिने मुदतवाढ मिळावी ही नम्र विनंती." पंचवीस कुटुंबं राहिलीत हे अख्ख्या पत्रात कुठेच नव्हतं!

मी त्याला विचारलं दोन महिनेच का. तर म्हणाला, जास्त मागायची लाज वाटते. आता बघ, दोन महिने म्हणजे ३१ ऑगस्ट, आणि ऑगस्टमध्ये कुठला कारखाना चालू असतो? त्या दोन महिन्यांत त्याच्या अडचणीतलं काहीच सुटणार नव्हतं, सप्टेंबरमध्ये त्याला दुसरं पत्र लिहावं लागलं असतं आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं असतं. अपराधी वाटत असलं की माणूस काम किती राहिलंय ते मोजत नाही, समोरच्याला किती मागितलेलं चालेल ह्याचा अंदाज बांधत बसतो. हे मी पुन्हा पुन्हा बघते आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण ह्या मुलांनी खरंच काम केलेलं असतं.

मग आम्ही पत्र बाजूला ठेवलं आणि कागदावर नुसतं मांडलं की काय झालंय, काय बुडालंय, आणि बुडालेलं परत कधी मिळू शकतं. ह्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्यातून दोन रस्ते निघाले. एक म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कारखान्यावर जाऊन पंचवीस कुटुंबं पूर्ण करायची आणि चॅप्टर फेब्रुवारीअखेर द्यायचा. दुसरा म्हणजे मे महिन्यात त्या पंचवीस जणांना गावातच गाठायचं आणि हंगामाबद्दल आठवणीतून विचारायचं, चॅप्टर ऑगस्टअखेर. पण दुसऱ्यात काय हातातून जातं तेही त्याला स्वच्छ माहीत होतं, बाई पहाटे किती वाजता उठते, पाणी कुठून आणते, फडावरून आल्यावर चूल कधी पेटते हे कोपीवर बसून जे दिसतं ते महिन्याभराने विचारलं तर "रोजचंच की" एवढंच उत्तर येतं.

नवीन पत्र एका पानाच्या आत बसलं. त्याचा मुख्य भाग असा होता:

"सर, १२ डिसेंबरला वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि मार्चपर्यंत त्यांची काळजी माझ्याकडे होती. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं. ४० पैकी १५ कुटुंबांच्या हंगामातल्या मुलाखती झाल्या आहेत, २५ राहिल्या आहेत आणि हंगाम संपला आहे. ३० जूनपर्यंत चॅप्टर पूर्ण होणार नाही. पुढे दोन पर्याय दिसतात, ते खाली लिहिले आहेत. मला पहिला योग्य वाटतो, पण आपलं मत हवं आहे. १५ मुलाखतींचं टंकन ३० एप्रिलपर्यंत आपल्याला पाठवतो."

आजारपणाला एक वाक्य, न कळवल्याबद्दल एक वाक्य. सोबत डिस्चार्ज कार्डाची एक प्रत, बाकी रिपोर्ट नाहीत, वडिलांच्या तब्येतीचा सगळा कागद डिपार्टमेंटमध्ये फिरायची काही गरज नसते. अजून एक गोष्ट आम्ही घातली, नोव्हेंबरात तो फील्डवर असताना वडिलांजवळ कोण. आधी भावाशी बोलून त्याच्या रजेचं पक्कं केलं आणि मगच ते पत्रात लिहिलं, कारण गाईडच्या मनात हा प्रश्न येतोच, विचारत नसले तरी.

सरांचं उत्तर आलं ते त्याला अपेक्षितच नव्हतं. त्यांनी दोन्ही पर्याय थोडे थोडे घेतले. म्हणाले मे मध्ये गावात जाच, उचल किती घेतली होती, किती फिटली, मुकादमाकडे किती बाकी राहिली हा हिशोब हंगाम संपल्यावरच नीट कळतो, आणि दिनक्रमासाठी नोव्हेंबरात पंचवीस नको, दहा कुटुंबं बघ. तारीख ३१ डिसेंबर. हे त्यांना सुचलं कारण काय झालंय आणि काय राहिलंय ते त्यांच्यासमोर आकड्यात होतं, नुसती दोन पानं दुःख वाचून कोणी फार तर "काळजी घे" म्हणेल.

तुझ्यासाठी आता. आधी बघ की तुझी तारीख कोणाची आहे. चॅप्टरची किंवा ड्राफ्टची तारीख गाईड स्वतः बदलू शकतात. सहामाही प्रगती अहवाल असेल तर तो सल्लागार समितीसमोर जातो, तिथे गाईडने आधीच सांगितलेलं असलं की बरं पडतं. आणि रजिस्ट्रेशनचीच मुदत संपत असेल तर ते गाईडच्या हातात नाही, यूजीसीच्या २०२२ च्या नियमात प्रवेशापासून सहा वर्षं आहेत, त्यापुढे री-रजिस्ट्रेशन करून जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. तू चौथ्या वर्षाला आहेस म्हणजे हे तुला आज लागणार नाही. फेलोशिप असेल तर तिची मुदत मात्र वेगळी चालते, चॅप्टरची तारीख पुढे गेली म्हणून फेलोशिप वाढत नाही, ते ऑफिसात विचारून घे.

मग तुझ्या फील्डवर्कमधलं नेमकं काय राहिलंय ते लिही आणि ते कधी मिळू शकतं ते बघ. तुझा विषय ऋतूवर, शाळेच्या वर्षावर, निवडणुकीवर असा कशावर अवलंबून असेल तर तारीख त्यावरून काढ. आईला अजून तुझी गरज असेल तर दिवसाचे आठ तास काम धरून हिशोब करू नकोस, जेवढे खरंच मिळतात तेवढेच धर, त्यामुळे तारीख लांब गेली तरी चालेल.

मेल गेल्यावर आठवडाभर उत्तर नाही आलं तर एक प्रिंट घेऊन सरांना जाऊन भेट. भेटीत तोंडी हो म्हणाले तर त्याच दिवशी "आज ठरल्याप्रमाणे नवी तारीख अमुक" असा दोन ओळींचा मेल टाक, पुढे समितीसमोर तोच दाखवता येतो.