वडिलांना अल्सर सांगितलाय, आहे कॅन्सर

"माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. आम्ही भावंडांनी त्यांना अल्सर म्हणून सांगितलंय. खरं कळलं तर हाय खातील, ही भीती. पण आता त्यांच्याजवळ बसायलाही नको वाटतं. आम्ही चुकतोय का?"

माझ्याकडे आलेल्या एका आबांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. बीडकडचे कोरडवाहू शेतकरी. घास अडकतो म्हणून तपासणी झाली आणि हेच निदान निघालं. दोन्ही मुलांनी डॉक्टरांना दारातच गाठलं, "आबांना कळू देऊ नका." मग संभाजीनगरला भाड्याची खोली घेतली आणि आठवड्यातले पाच दिवस लाईट, म्हणजे रेडिएशन, सुरू झालं.

तिसऱ्या आठवड्यात आबांनी गावाकडं जायचा हट्ट धरला. या उपचारात अन्ननलिकेचा आतला भाग सोलवटतो, गिळताना आग होते. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ती बहुधा कमी होते. कॅन्सरचा उपचार चाललाय हे माहीत असलेला माणूस हा त्रास सोसतो. आबांना मात्र अल्सर सांगितलेला. त्यांच्या हिशेबानं दुखणं किरकोळ होतं आणि औषधच अंगावर आलं होतं. त्यांचं चुकलं कुठं? खोट्या माहितीवर त्यांनी बरोबर विचार केला होता. लाईट मध्येच बंद पडले की उपचाराचा परिणाम कमी होतो, म्हणून थोरला मुलगा घाबरून माझ्याकडे आला.

मी आधी मुलांशी बोलले. खोटं बोलू नये वगैरे सांगायला नव्हे, त्यांना नेमकी कशाची धास्ती आहे ते ऐकायला. थोरल्याच्या चुलत्यानं निदान कळल्यावर अन्नपाणी सोडलं होतं. ती भीती खरीच होती. मी दोन गोष्टी कबूल केल्या: आबांनी विचारल्याशिवाय मी स्वतःहून 'कॅन्सर' म्हणणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

मग आबांना विचारलं, "दुखणं काय आहे असं तुम्हाला वाटतंय?" अशा वेळी पहिला प्रश्न हाच. माणसाला किती ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचंय, हे त्याच्याकडूनच कळतं. आबा म्हणाले, "पोरं अल्सर म्हणत्यात. पर लाईटच्या खोलीभाईर बसणारे समदे एकच दुखणं घेऊन येत्यात बाई. मला काय दिसंना का?"

"मग पोरांना विचारलं का नाही?"

"काहून विचारू? धाकला रातीला रडतो. मला कळलंय हे त्याला कळलं तर पार खचंल."

म्हणजे तेही सोंगच करत होते, पोरांसाठी. ग्लेझर आणि स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच हे रुग्णालयांत टिपलं होतं: दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि दोन्ही बाजू ठाऊक नसल्यासारखं वागतात. माझ्या मते अशा खोट्यातली दया कधीच संपलेली असते, उरतो तो फक्त एकमेकांवरचा पहारा.

पुढच्या बैठकीत मुलं समोर होती. मी म्हणाले, "आबा, रिपोर्ट वाटला तेवढा साधा नाही," आणि थांबले. हे थांबणं महत्त्वाचं. पुढचं ऐकायचं की नाही, ते माणसाला ठरवता येतं. आबांनी विचारलं, "कॅन्सरच ना?" थोरला "हो" म्हणाला. रडारड झाली. मग आबांनी आग कशानं होते ते समजून घेतलं, वेदनेचं औषध वेळेवर घ्यायला लागले आणि लाईट पूर्ण केले. बहिणीच्या हिश्शाचं वाटणीपत्र राहिलं होतं, तेही तालुक्याला जाऊन करून आले. त्या कामाची त्यांना आतून घाई होती, हे पोरांच्या गावीही नव्हतं.

"किती दिवस राहिलेत" हे मात्र त्यांनी ऐकलं नाही. "ते थोरल्याला सांगा," म्हणाले. हे लपवणं नव्हे. न ऐकण्याची निवड त्यांची स्वतःची होती.

गावाकडं आबांची आई होती, स्मृतिभ्रंश झालेली. "लेक कुठं गेला?" असं ती घडीघडी विचारायची. सून सांगायची, "बाजाराला गेलेत." मुलांनी याबद्दल विचारलं तेव्हा मी हरकत घेतली नाही. म्हातारीचा कुठलाच निर्णय त्या उत्तरावर अडला नव्हता, आणि खरं सांगितलं असतं तर ते विसरून दर वेळी तिला नव्यानं तोच धक्का बसला असता. दयेपोटी बोललेलं खोटं मला पटतं ते एवढ्याच अरुंद जागेत. तुमचे वडील शुद्धीत आहेत, उपचाराला होकार-नकार देताहेत. ते या जागेत बसत नाहीत.

म्हणून घाईनं सगळं ओतू नका, पण खोट्यात भरही घालू नका. "ठणठणीत व्हाल" हे वाक्य आजपासून बंद. निवांत वेळ बघून त्यांनाच विचारा, "बाबा, डॉक्टरांशी सगळं तुम्ही बोलणार की आम्ही बोलू?" "तुम्हीच बघा" म्हणाले, तर महिन्याभरानं, किंवा उपचार बदलायची वेळ आली की, पुन्हा विचारा; उत्तर बदलतं. "मला सांगा" म्हणाले, तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसा.