ट्रिप्लेट-क्वार्टेट दिसला, पण रचना ठरली का?

C4H8O2 च्या प्रोटॉन एनएमआर असाइनमेंटमध्ये मी लिहिलं, ‘ट्रिप्लेट आणि क्वार्टेट म्हणजे इथाइल गट, म्हणून इथाइल ॲसिटेट.’ उत्तर बरोबर असूनही सरांनी निम्मे मार्क कापले. का?
— बी.एस्सी. तृतीय वर्ष, सांगली

कारण तुमचं हेच वाक्य मिथाइल प्रोपिओनेटलाही जसंच्या तसं लागू पडतं. सूत्र तेच आणि तिथेही एक ट्रिप्लेट, एक क्वार्टेट, एक सिंग्लेट, इंटिग्रेशनसुद्धा 3:2:3. स्प्लिटिंगवरून फक्त CH3 च्या शेजारी CH2 आहे एवढं कळतं. तो CH2 पुढे कशाला जोडलाय, हे क्वार्टेट कुठे आलाय त्यावरून ठरतं.

तुमच्या स्पेक्ट्रममध्ये क्वार्टेट 4.12 पीपीएमला आहे, म्हणजे CH2 थेट ऑक्सिजनला जोडलेला. तो कार्बोनिलला लागून असता तर 2.3 च्या आसपास दिसला असता. सिंग्लेटची साक्षही जुळते. 2.04 म्हणजे कार्बोनिलशेजारचा CH3. OCH3 असता तर 3.7 जवळ आला असता. एवढी दोन-तीन वाक्यं लिहून ‘म्हणून मिथाइल प्रोपिओनेट नाही’ असं स्पष्ट म्हणा. दुसरा उमेदवार का बाद केला, हे लिहिल्याशिवाय समर्थन पुरं होत नाही. माझ्या मते सरांनी मार्क कापले ते रास्तच.

क्वार्टेट आणि ट्रिप्लेट एकमेकांचेच आहेत, हे कशावरून दाखवायचं?
— एम.एस्सी. भाग एक, कराड

दोघांचा J काढून. समजा, मशीन 300 मेगाहर्ट्झचं आहे. क्वार्टेटच्या रेषा 4.156, 4.132, 4.108, 4.084 अशा छापल्या आहेत. लगतच्या दोन रेषांतलं अंतर 0.024 पीपीएम, गुणिले 300, म्हणजे 7.2 हर्ट्झ. ट्रिप्लेटच्या रेषा 1.284, 1.260, 1.236, इथेही 7.2. J जुळला, जोडी पक्की. J पीपीएममध्ये मात्र लिहू नका. मशीन बदललं की रेषांमधलं पीपीएमचं अंतर बदलतं, हर्ट्झमधलं तेच राहतं.

बाहेरच्या दोन रेषा अगदी सारख्या उंचीच्या नसल्या तरी घाबरायचं कारण नाही. जोडीदाराच्या बाजूच्या रेषा जरा उंच येतात. उलट तो जोडीचा आणखी एक पुरावाच.

इथेनॉलच्या OH शेजारी CH2 आहे, मग n+1 नुसार ट्रिप्लेट हवा. माझ्याकडे पसरट सिंग्लेट आलाय. रचना चुकली का?
— वाई

रचना ठीक आहे. CDCl3 मध्ये आम्लाचा किंवा पाण्याचा अंश असला की OH चा प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर इतक्या झपाट्याने उड्या मारतो, की शेजारचा CH2 त्याला जाणवतच नाही. त्याच कारणाने CH2 सुद्धा फक्त CH3 मुळे क्वार्टेट दिसतो. कोरड्या ड्यूटेरेटेड डीएमएसओमध्ये ही अदलाबदल मंदावते आणि तिथे OH चा ट्रिप्लेट खरंच दिसतो.

नमुना शिल्लक असेल तर ट्यूबमध्ये D2O चे एक-दोन थेंब टाकून हलवा आणि पुन्हा स्पेक्ट्रम घ्या. तो सिग्नल गेला, की जर्नलमध्ये OH म्हणून नोंदवा.