परभणीचा पाऊस आणि कासची फुलं : वाचकांची प्रश्नोत्तरे

ऑगस्ट लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: फुलं नेमकी कधी? शेवटी निवडक प्रश्नांना इथेच एकदा उत्तरं देतो.

नीलकुरिंजी पाहायला पुढच्या वर्षी मुन्नारला जावं म्हणतो. कोणता महिना चांगला? – लातूर

कोणताही नाही. मुन्नारची कुरिंजी बारा वर्षांनी फुलते. ती 2018 ला फुलली, आता 2030.

आम्ही परभणीचे दहा जण 12 सप्टेंबरला कासला निघणार आहोत. ऑगस्टभर आमच्याकडे पावसाचा टिपूस नाही, सोयाबीन माना टाकतंय. मग कासला फुलं कुठून असणार? गाडी रद्द करावी का? – परभणी

गाडी रद्द करू नका. पण आधी हा गोंधळ निस्तरू, कारण मराठवाड्यातले निम्मे लोक आपल्या शिवारातलं आभाळ पाहून कासचा बेत ठरवतात.

आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढतानाच रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत वाराच तेवढा येतो. आपल्याला चांगला पाऊस मिळतो तो बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा इकडे सरकला की. म्हणून परभणीत महिनाभर खंड पडला असतानाही महाबळेश्वरात धो धो चालू असू शकतो. तिथला वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. कासला इतका पडत नाही, पण ते त्याच डोंगररांगेत आहे. तेव्हा हवामान खात्याचे महाबळेश्वर आणि साताऱ्याचे रोजचे आकडे बघा, परभणीचे नको.

आता पठाराकडे या. कास म्हणजे जांभा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर, कुठे कुठे तर बोटभरच. अशा मातीत पाणी साठून राहत नाही. पाऊस आहे तोवर ती चिंब, आणि आठवडाभर कडक ऊन पडलं की कोरडी. त्यामुळे तिथली फुलं एकदम येत नाहीत, पाळीपाळीने येतात. जमीन ओलीगच्च असते तेव्हा सीतेची आसवं आणि गेंद. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीत कस नाही म्हणून ती मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत जीव पकडते, आणि त्यासाठी तिला ओल लागतेच. गुलाबी तेरडा याच सुमारास येतो. पाऊस ओसरायला लागला की पिवळ्याची पाळी: कवळा, ज्याला पर्यटक मिकी माउस म्हणतात, आणि सोनकी. हा पिवळा भर साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात असतो. साधारण म्हणालो, कारण पाऊस लांबला तर सगळी रांग पुढे सरकते आणि ऑगस्टमध्ये मोठी उघडीप मिळाली तर ओलीची फुलं लवकर आटोपतात.

तुमच्या 12 तारखेचं बोलू. 5 तारखेपासून महाबळेश्वरचे आकडे रोज बघा. रोज शंभर मिलिमीटरच्या पुढे असतील, तर पठारावर धुकं आणि झोडपणारा पाऊस असणार. फुलं असतील, पण चार हातांवरचं दिसणार नाही. मग आठ दिवस थांबा. आकडा घसरत चालला असेल आणि मधे मधे ऊन पडत असेल, तर निघा, निळं-गुलाबी मिळेल. मात्र फक्त पिवळा गालिचा पाहायचा असेल, तर 12 तारीख लवकर होते.

निघण्याच्या दोन दिवस आधी तिथे फोन करा. पठाराची व्यवस्था वनविभागासोबत स्थानिक संयुक्त वन व्यवस्थापन समिती पाहते, त्यांना विचारा. पण "फुलं आहेत का?" असं विचारू नका. खोल्या भाड्याने देणारा त्याला बारा महिने "आहेत की!" म्हणेल. "आज जास्त कोणतं फूल आहे?" असं विचारा. "आसवं आहेत, कवळा अजून कळीत" असं ऐकलंत तर तुम्ही वेळेवर आहात. "तेरड्याच्या शेंगा फुटायला लागल्या, गवत वर आलंय" असं ऐकलंत तर पहिली पाळी संपली, आता पिवळ्यासाठी या. दहा जणांची गाडी असेल तर भाडं ठरवतानाच तारीख एकदा बदलायची सवलत बोलून घ्या, आणि शनिवार-रविवार टाळा. प्रवेशाचं आरक्षणही आधीच विचारून ठेवा.

एक टूरवाला 'फुलांची शंभर टक्के हमी' देतोय, त्याच्या ग्रुपवर रोज ताजे फोटो येतात. पैसे भरू का? – जालना

हमी लेखी मागा, आणि फुलं नसल्यास किती पैसे परत तेही लिहून घ्या. मग बघा फोन कोण उचलतं. फोटोंचं म्हणाल, तर फुलांच्या फोटोवर साल लिहिलेलं नसतं. त्याला आजचा व्हिडिओ मागा, आणि त्यात आजची तारीख तोंडाने बोलायला सांगा. खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो.

श्रीनगरच्या ट्युलिप बागेसाठी 1 एप्रिलचं विमान काढलं तर चालेल का? – छत्रपती संभाजीनगर

बहुधा चालेल. ही लावलेली बाग आहे. लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मुद्दाम मिसळलेल्या असतात, म्हणून बहर महिनाभर टिकवता येतो. तरी तारीख सरकतेच: 2023 मध्ये बाग 19 मार्चला उघडली, 2025 मध्ये 26 मार्चला. थंडी लांबली तर उशीर होतो, ऊन तापलं तर पाकळ्या लवकर गळतात. उघडण्याची घोषणा झाल्यावर तिकीट काढणं शहाणपणाचं. स्वस्त तिकिटाचा मोह आवरत नसेल, तर निदान तारीख बदलता येणारं घ्या.

आईला (वय 70) 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' दाखवायची आहे. शाळेला सुट्टी असते म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ का? – नांदेड

दरी 1 जूनला उघडते, फुलं त्या दिवशी उघडत नाहीत. जूनमध्ये बर्फाचे थर आणि हिरवी पालवी जास्त असते. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि नेमका तोच दरडी कोसळण्याचा काळ. म्हणून जोशीमठ ते गोविंदघाट रस्ता बंद पडेल असं धरूनच दोन दिवस हातचे ठेवा. दरीखालचं मुक्कामाचं गाव घांघरिया तीन हजार मीटरवर आहे. तिथवर घोडा मिळतो, दरीत मात्र घोड्यांना बंदी आहे. आईंना रक्तदाब, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर मला पुन्हा पत्र लिहून दुसरं मत मागू नका.

पळस होळीलाच फुलतो ना? आम्ही दर होळीला किनवटला जातो, एका वर्षी तर सगळा झडलेला. – हिंगोली

होळी तिथीवर येते. 2023 ला ती 6 मार्चला होती, 2024 ला 24 मार्चला. पळसाला पंचांग कळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून आपल्याच बांधावरचे पळस पाहत राहा. पानं झडून काळ्या कळ्यांची टोकं केशरी व्हायला लागली की किनवट-माहूरकडच्या ओळखीच्या कुणाला तरी फोन करा आणि येत्या रविवारी निघा, होळीची वाट पाहू नका.