साल्ट आणि स्टार्ट: 'मर्यादा' की 'कपात'?

प्रश्न: पॉलिटिक्सच्या एका उत्तरात साल्टला 'अस्त्रमर्यादा करार' आणि स्टार्टला 'अस्त्रकपात करार' म्हटलंय. दोन्ही एकच ना? कुठलाही शब्द वापरला तर चालेल का?

नाही चालणार, आणि मार्कांपुरता प्रश्न नाहीये हा. मर्यादा म्हणजे इथून पुढे वाढवायचं नाही, कपात म्हणजे आहे त्यातलं मोडायचं. १९७२ ला मॉस्कोत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी अण्वस्त्रांच्या साल्ट करारावर सह्या केल्या, त्यात गोठवले होते ते लाँचर, म्हणजे क्षेपणास्त्र सोडायच्या जागा, कारण उपग्रहातून सायलो, म्हणजे क्षेपणास्त्राचा जमिनीतला खड्डा, मोजता येतो पण क्षेपणास्त्राच्या टोकाच्या आत किती बॉम्ब बसवलेत ते दिसत नाही. आणि पळवाट नेमकी तिथेच होती. अमेरिकेने मिनिटमन-३ ची ५५० क्षेपणास्त्रं उभी केली, प्रत्येकावर तीन-तीन वॉरहेड, करारात मोजायला ५५० च पण बॉम्ब १६५०! सोव्हिएत युनियननेही पुढे तेच केलं. म्हणजे मर्यादा पाळूनसुद्धा साठा वाढतच गेला.

आता यात धाकाचं, म्हणजे डिटरन्सचं, काय बिघडतं? धाक टिकतो तो पहिला वार झेलूनही उलटा वार करता येईल या खात्रीवर. सोव्हिएत एसएस-१८ वर दहा वॉरहेड असायची. एक सायलो नक्की उडवायला दोन लागतात असं धरलं, तर एका क्षेपणास्त्रात समोरच्याचे पाच सायलो जातात. मग संकटाच्या वेळी 'आपली जायच्या आधी आपणच टाका' असं दोघांनाही वाटायला लागतं, आणि खरा धोका हाच, नुसता आकडा नाही.

म्हणून १९९१ च्या स्टार्टमध्ये वॉरहेडही मोजली. एसएस-१८ सारखी सोव्हिएत जड क्षेपणास्त्रं ३०८ वरून १५४ वर आणायची, म्हणजे दहाच्या हिशोबाने १५४० वॉरहेड. उरलेले सायलो फोडायचे आणि ते फोडलेत हे दुसऱ्या बाजूला दाखवायचं. ही खरी कपात, इथे 'मर्यादा' लिहिलं तर अर्थ अर्धाच पोचतो.

पण २०१० च्या न्यू स्टार्टमध्ये शब्द जपून वापरा हं. १५५० वॉरहेडची मर्यादा फक्त 'तैनात' वॉरहेडवर होती, गोदामातली त्यात धरलीच नव्हती. इन्स्पेक्टर तळावर जाऊन एक क्षेपणास्त्र निवडायचे, त्याचं नाक उघडून झाकलेली वॉरहेड मोजायचे, तो भाग चोख होता. बॉम्बर विमान मात्र एकच वॉरहेड धरलं जायचं, बी-५२ वर वीस क्रूझ मिसाइल मावत असली तरी :) त्यामुळे 'अण्वस्त्रं १५५० वर आणली' असं कुणी लिहिलं तर ते चूकच, 'तैनात वॉरहेड, कराराच्या मोजणीप्रमाणे' एवढं तरी जोडा. उत्तरात साल्टला मर्यादा, स्टार्टला कपात, हेच बरोबर.