मुदत संपलेल्या औषधाची तक्रार

प्रश्न: मेडिकलवाल्याने एक्सपायरी झालेली गोळ्यांची पट्टी दिली. पैसे परत आणि लेखी खुलासा हवाय. अर्जात काय लिहू?

उत्तर: बिल आणि पट्टी एकच असल्याचे दाखवणारा बॅच नंबर आधी लिहा, बाकी मजकूर चार ओळींत आटोपतो. ‘पट्टी आमची नाहीच’ हा दुकानदाराचा नेहमीचा बचाव तिथेच संपतो. नमुना असा:

“दि. ८ जुलै २०२५, बिल क्र. ४१२. पट्टीवर व बिलावर बॅच पीटी२३०७. पट्टीवर मुदत मे २०२५. पूर्ण रक्कम परत द्यावी आणि मुदतबाह्य माल विक्रीत कसा आला, याचा खुलासा सात दिवसांत सही-शिक्क्यासह द्यावा.”

औषध नियम, १९४५ मधील नियम ६५(१७) नुसार मुदतबाह्य औषध विकता येत नाही. तोही उल्लेख करा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पट्टी मात्र हातची सोडू नका, फोटोच जोडा. पट्टी गेली की पुरावा गेला. टाळाटाळ झाली तर हीच प्रत जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात द्या.

फक्त छापील महिना नीट पाहा: ‘जुलै २०२५’ असेल तर औषध ३१ जुलैपर्यंत चालते, तक्रार टिकणार नाही.